सीतात्याग : आधुनिक पुनर्कथने

रामायणाच्या उत्तरकांडातील सीतात्यागाचा प्रसंग भारतीय भाषांत पुनःपुन्हा नव्याने लिहिला गेला आहे. त्याचे कारण मूळ कथेच्या मांडणीतच सापडते. लोकापवाद रामाच्या कानावर येतो, निर्णय होतो, पण सीतेला तो सांगितला जात नाही. आश्रम पाहण्याची तिची इच्छा हेच निमित्त करून लक्ष्मण तिला गंगेपार नेतो आणि तिथे पोचल्यावर खरे सांगतो. ती रामासाठी निरोप देते. त्यानंतर थेट यज्ञमंडपातील शपथेपर्यंत तिच्या मनात काय चालले होते, याबद्दल काव्य जवळजवळ गप्प आहे. नवे लेखक शिरतात ते याच मधल्या वर्षांत.

ही दुरुस्ती आजची नव्हे. आठव्या शतकातील, मूळच्या विदर्भातील भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात अदृश्य सीतेला पंचवटीत आणून रामाचा शोक तिच्या डोळ्यांदेखत घडवला आणि शेवटी दोघांची भेट घडवली. तिथे सीतेला मिळते ते रामाच्या दुःखाचे प्रत्यक्ष दर्शन. मराठी जात्यावरच्या ओव्यांत दोष कैकेयीकडे जातो: ती सीतेला रावणाच्या पायाचा अंगठा काढायला लावते, उरलेले चित्र स्वतः पुरे करते आणि रामाला दाखवते. सासुरवास जिवंत होतो खरा, पण राम सुटतो.

आधुनिक काळात हा दोष पुन्हा रामावर आणि राजधर्मावर येतो. कुमारन् आशान यांच्या १९१९च्या मल्याळम काव्यात आश्रमातली एकटी सीता एका संध्याकाळी सारा हिशेब मनाशी मांडते. तेलुगू लेखिका वोल्गा यांच्या ‘विमुक्त’मध्ये तिच्यासमोर शूर्पणखा, अहल्या, रेणुका, ऊर्मिला येतात. म्हणजे एकटीच्या चिंतनाऐवजी बायकांचे आपसातले बोलणे; रामाच्या उत्तराची वाट पाहणे तिथे सुटते.

सर्वांत मोठा बदल शेवटच्या शपथेत होतो. वाल्मीकींच्या सीतेची शपथ अशी: राघवावाचून दुसऱ्याचा विचार मी मनातही आणला नसेल, तर पृथ्वीने मला विवर द्यावे. शब्द पातिव्रत्याची ग्वाही देणारे आहेत. पण ज्या क्षणी ते खरे ठरतात, त्याच क्षणी ती रामाच्या हाती लागत नाही. नव्या लेखकांना या कृतीत नकार दिसतो. हे वाचन पटणारे आहे, पण शपथेचे शब्द गाळून नकार तेवढाच ठेवला की मूळ ताण निघून जातो.

‘मुक्या सीतेला आवाज दिला’ हा दावा तर सरसकट करता येत नाही. युद्धकांडात राम तिला स्वीकारायला नकार देतो तेव्हा ती सरळ सुनावते, की एखाद्या सामान्य पुरुषाने सामान्य स्त्रीशी बोलावे तसे तुम्ही बोलता आहात. हा श्लोक न वाचता लिहिलेली सीता बहुधा एक तर आधी फार दीन असते, नाही तर नंतर एकदम भाषण करू लागते.