तेलाचा भडका, पाव टक्क्याची व्याजवाढ आणि १४ वर्षांनंतरचा उशीर

तेल कडाडले की आयातदार देशाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवावेत की थांबावे, हा वाद आजही ज्या निर्णयापाशी येऊन अडतो तो ३ जुलै २००८ चा आहे. त्या दिवशी युरो वापरणाऱ्या देशांच्या सामाईक मध्यवर्ती बँकेने व्याजदर ४ वरून ४.२५ टक्क्यांवर नेला. आठ दिवसांनी कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला आणि तिथून ते कोसळत गेले. डिसेंबरात ते ४० डॉलरच्याही खाली होते.

निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर १९७३-७४ होते. तेव्हा काही महिन्यांत तेल ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेले. जवळजवळ सगळे तेल बाहेरून आणणाऱ्या जपानमध्ये १९७४ साली महागाई २० टक्क्यांच्या वर गेली. पण एवढी महागाई एकट्या तेलाने आणली नव्हती. त्या वसंतातल्या वेतन वाटाघाटींत पगार ३० टक्क्यांहून अधिक वाढले, कारखान्यांनी तो भार किमतीत घातला आणि महागाई स्वतःच्या बळावर चालू लागली. १९७९-८० मध्ये तेल पुन्हा दुपटीहून महागले, तेव्हा जपानी कामगार संघटनांनी आणि मालकांनी पगारवाढ आवरती घेतली. या वेळी महागाई ८ टक्क्यांच्या आसपासच थांबली. तेलाचा धक्का मोठा की लहान, यापेक्षा तो पगारात शिरतो की नाही हे महत्त्वाचे, हा धडा तिथून मिळाला.

२००८ मध्ये युरोपला नेमकी हीच भीती होती. जूनची महागाई ४ टक्के होती आणि बँकेचे उद्दिष्ट २ टक्क्यांच्या किंचित खालचे. बेल्जियमसारख्या देशात पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले होते, म्हणजे तेलाची वाढ तिथे आपोआप पगारात जाणार होती. व्याजवाढ करणाऱ्यांची ही बाजू कच्ची नव्हती.

तरीही निर्णय चुकला, असेच म्हणावे लागते, आणि त्याचे कारण साधे अंकगणित आहे. महागाईचा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. तेल १४७ डॉलरवर चढून तिथेच वर्षभर टिकले असते, तरी जुलै २००९ मध्ये पेट्रोल-डिझेलमुळे थेट होणारी महागाई जवळपास शून्यावर आली असती, कारण तुलनाच चढ्या भावाशी झाली असती. एकदाच झालेली दरवाढ बारा महिन्यांनी आकड्यातून स्वतःहून गळून पडते. उलट व्याजदराचा परिणाम कर्जांतून, गुंतवणुकीतून आणि रोजगारातून पोचायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणजे जुलै २००८ ची वाढ खऱ्या अर्थाने चावणार होती ती २००९ च्या मध्यावर, आणि तेव्हा युरो क्षेत्रातली महागाई शून्याखाली गेलेली होती. शिवाय निर्णयाच्या लगेच आधीच्या तिमाहीत, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये, अर्थव्यवस्था आकसली होती. तो आकडा ऑगस्टमध्ये हाती आला. ८ ऑक्टोबरला इतर मोठ्या मध्यवर्ती बँकांबरोबर दरकपात करावी लागली आणि मे २००९ पर्यंत दर १ टक्क्यावर आला.

या वादात चलनाकडे फारसे लक्ष गेले नाही. जानेवारी २००७ मध्ये तेल सुमारे ५५ डॉलर होते आणि एका युरोला १.३० डॉलर मिळत होते. म्हणजे पिंप ४२ युरोंना पडत होते. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलर आणि युरो १.५९ डॉलर, म्हणजे पिंप ९२ युरोंना. डॉलरमध्ये भाव २.७ पट झाला होता, युरोत २.२ पट. त्या काळात तेल चढले की डॉलर उतरायचा आणि आयातदारांना तेवढी उशी मिळायची.

कंपन्यांवरचा परिणाम मात्र चढण आणि घसरण दोन्हींत झाला. विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका असतो, म्हणून त्या पुढच्या महिन्यांचा भाव वायद्याने आधीच बांधून ठेवतात. भाव चढत असताना हे करार नफ्यात होते. २००८ च्या उन्हाळ्यात घाबरून चढ्या भावाला ज्यांनी नवे करार केले, त्यांना वर्षअखेरीस बाजारात तेल स्वस्त असूनही जुना भाव मोजावा लागला आणि मोठे तोटे ताळेबंदात दाखवावे लागले. प्लास्टिक, रंग, टायर यांसारख्या उद्योगांत हीच गोष्ट साठ्यामुळे होते. महाग घेतलेला कच्चा माल दोन-तीन महिने गोदामात असतो आणि विक्रीचे भाव आधीच उतरू लागतात. त्यामुळे तेल स्वस्त झाल्याची बातमी आली की त्यांचा नफा लगेच सुधारेल, ही समजूत एका तिमाहीपुरती तरी चुकीची ठरते.

२०११ मध्ये तेल पुन्हा १०० डॉलरवर गेले आणि त्याच बँकेने एप्रिल आणि जुलैत पाव-पाव टक्का दर वाढवला. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन्ही वाढी मागे घ्याव्या लागल्या. त्यानंतर तेलाच्या धक्क्याकडे पाहूनही थांबायचे, हा जवळपास नियम झाला.

तो नियम २०२१-२२ मध्ये महागात पडला. या वेळी तेलाबरोबर नैसर्गिक वायू, धान्य, धातू आणि जहाजभाडे सगळेच वर गेले. युरोपात वायूचा घाऊक भाव, जो एरवी मेगावॉट-तासाला २० युरोंच्या आसपास असायचा, ऑगस्ट २०२२ मध्ये ३०० युरोंच्या वर पोचला. वायूपासून अमोनिया बनवणाऱ्या खत कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले, काहींनी ते थांबवले. चलनाची उशीही उरली नव्हती. ८ मार्च २०२२ ला तेल सुमारे १२८ डॉलरवर बंद झाले आणि युरो १.०९ डॉलर होता. पिंप ११७ युरोंना पडले, म्हणजे डॉलरमधला भाव २००८ पेक्षा कमी असूनही युरोत २५ युरोंनी जास्त. पहिली व्याजवाढ जुलै २०२२ मध्ये झाली, तेव्हा महागाई ८ टक्क्यांच्या पुढे गेली होती. २००८ चा धडा गरजेपेक्षा जास्त पाठ झाला, ही टीका रास्त वाटते. भाव एका मालाचा वाढतो तेव्हा थांबणे परवडते. सगळ्यांचेच भाव एकत्र वाढले आणि मागणीही टिकून असली की कंपन्या वाढीव खर्च न घाबरता पुढे ढकलतात.

शेअर बाजाराचे तेलाशी नाते कधीच सरळ नव्हते. २०१६ च्या सुरुवातीला तेल ३० डॉलरखाली गेले आणि आयातदार देशांचे बाजारही त्याबरोबर पडले, कारण जगाची मागणीच मंदावत असल्याचा अर्थ गुंतवणूकदारांनी काढला. पुरवठा तुटून भाव चढतात तेव्हा चित्र उलटे असते. नफ्याचे प्रमाण घटते आणि व्याजदर वाढण्याच्या अपेक्षेने पुढच्या नफ्याची आजची किंमतही घटते, असा दुहेरी मार बसतो. पण बाजार आजच्या महागाईवर चालत नाही. युरो क्षेत्रातली महागाई ऑक्टोबर २०२२ मध्ये १०.६ टक्क्यांच्या शिखरावर होती. वायूचा भाव तोवर ऑगस्टच्या निम्म्याहून खाली आला होता, आणि युरोपीय शेअर निर्देशांक त्याच महिन्यापासून चढू लागले होते.