परत ठेवला की नाही? आकृती हरवलेला चेंडूंचा प्रश्न

संभाव्यतेचा एखादा प्रश्न टाइप होऊन, झेरॉक्स होऊन किंवा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवून आपल्यापर्यंत येतो, तेव्हा त्यातली आकृती पुष्कळदा वाटेतच गळते. उरतं ते एवढंच: «आकृतीत दाखवलेल्या पिशवीतून एकापाठोपाठ एक असे दोन चेंडू काढले. दोन्ही चेंडू लाल असण्याची संभाव्यता किती?» खाली चार पर्याय: (अ) 2/5, (ब) 4/25, (क) 2/15, (ड) 1/3.

पिशवीत किती चेंडू होते हे माहीत नाही, म्हणून प्रश्न अडला असं पहिल्यांदा वाटतं. खरं तर इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी हरवल्या आहेत आणि विद्यार्थी त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिली म्हणजे पिशवीतला ऐवज: एकूण चेंडू किती आणि त्यांतले लाल किती. दुसरी म्हणजे काढण्याची रीत: पहिला चेंडू पाहून पुन्हा पिशवीत टाकला की बाहेरच ठेवला. ऐवज बऱ्याचदा पर्यायांवरून शोधता येतो. रीत मात्र तशी सहज सापडत नाही, आणि उत्तर चुकतं ते बहुधा रीतीपाशीच.

आधी ऐवज पाहू. 4/25 हा 2/5 चा वर्ग आहे. चेंडू परत ठेवला असेल तर दोन्ही वेळा लाल मिळण्याची शक्यता तीच राहते, म्हणून 2/5 × 2/5. यावरून लाल चेंडू एकूण चेंडूंच्या दोन पंचमांश असावेत असा अंदाज येतो. एवढ्याने संख्या ठरत नाही, कारण 5 पैकी 2, 10 पैकी 4 आणि 15 पैकी 6 या सगळ्यांचं प्रमाण तेच आहे. इथे (क) पर्याय मदतीला येतो. चेंडू परत न ठेवता 5 पैकी 2 लालवर हिशेब केला तर 2/5 × 1/4, म्हणजे 1/10 येतात. 15 पैकी 6 वर 6/15 × 5/14, म्हणजे 1/7. 10 पैकी 4 वर 4/10 × 3/9 = 12/90 = 2/15. हे उत्तर पर्यायांत आहे. (ड) मधला 1/3 सुद्धा याच पिशवीतून निघतो: पहिला लाल निघून बाहेर राहिला की उरलेल्या 9 मध्ये 3 लाल उरतात. घाईत विद्यार्थी हीच दुसरी पायरी उत्तर म्हणून लिहितो, आणि हे प्रश्न काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. चारही पर्याय एकाच पिशवीत बसले, तेव्हा 10 चेंडू आणि त्यांत 4 लाल हे मानायला चांगला आधार मिळाला.

हा आधार पर्याय एकत्र पाहिल्यामुळे मिळाला, हे मात्र विसरू नये. फक्त 2/15 हे उत्तर हाती असतं तर त्यावरून पिशवी ठरली नसती. 21 चेंडूंपैकी 8 लाल असतील तरी परत न ठेवता दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता 8/21 × 7/20 = 56/420 = 2/15 च येते. संक्षिप्त रूपात आणलेला अपूर्णांक मूळ संख्या लपवतो. म्हणून उत्तरसूचीतल्या एका उत्तरावरून उलटा हिशेब करून «पिशवीत इतकेच चेंडू होते» असं ठामपणे सांगणं चुकीचं आहे.

आता अवघड भाग. ऐवज सापडला तरी उत्तर ठरलं नाही, कारण (ब) आणि (क) दोन्ही याच पिशवीची उत्तरं आहेत. चेंडू परत ठेवला असेल तर 4/25, ठेवला नसेल तर 2/15. दशांशात सांगायचं तर 0.16 आणि सुमारे 0.133. पर्याय मुद्दाम असेच निवडलेले असतात, म्हणजे रीत न वाचणारा हमखास चुकतो. आणि रीत आकृतीत दाखवली असेल, तर ती आकृतीबरोबरच गेली.

अशा वेळी «आकृतीत» हा शब्द वाक्यात कुठे बसला आहे ते आधी बघावं. «आकृतीत दाखवलेल्या पिशवीतून दोन चेंडू काढले» यात आकृती पिशवीबद्दल सांगते. काढण्याची क्रिया वाक्यानेच सांगून टाकली आहे, आणि तिच्यात परत ठेवण्याचा उल्लेख नाही. परत ठेवणं ही वेगळी, जादा कृती आहे. ती अभिप्रेत असेल तर प्रश्न काढणाऱ्याने ती लिहायला हवी. म्हणून या वाक्याचं रूढ वाचन «परत न ठेवता» असंच होतं, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर मी (क) धरेन. पण वाक्य «पिशवीतून आकृतीत दाखवल्याप्रमाणे दोन चेंडू काढले» असं असतं, तर क्रियाच आकृतीकडे सोपवलेली असती. मग हा रूढ अर्थ टेकू देत नाही. आकृतीत चेंडू पिशवीत परत जाताना दाखवणारा बाण असू शकतो, किंवा प्रत्येक वेळच्या शक्यता फांद्यांवर लिहून दाखवणारी वृक्षाकृती असू शकते. अशा प्रश्नाला मूळ पान मिळेपर्यंत एकच उत्तर देता येत नाही. दोन्ही गृहीतकं लिहून दोन्ही उत्तरं द्यावीत.

वृक्षाकृतीचा एखादा तुकडा मजकुरात शिल्लक राहिला असेल तर काम सोपं होतं. दुसऱ्या फांदीवरच्या अपूर्णांकाचा छेद बघायचा. पहिल्या फांदीवर 4/10 आणि दुसरीवरही 4/10 असेल तर चेंडू परत गेला. दुसरीवर 3/9 असेल तर तो बाहेर राहिला. छेद एकाने कमी झाला, एवढ्यावरून रीत कळते. पण तिथे नुसता 1/3 छापला असेल तर ही खूण बुजते. शिक्षकांनी वृक्षाकृतीत अपूर्णांक संक्षिप्त करू नयेत असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण आहे.

मजकुरातले आणखी काही शब्द रीत सांगून जातात. «उरलेल्या चेंडूंतून दुसरा काढला» म्हणजे परत ठेवला नाही. «रंग नोंदवून पिशवी पुन्हा हलवली» म्हणजे परत ठेवला. «एकाच वेळी दोन चेंडू काढले» हे शब्द वाचून बरेच जण थबकतात, कारण तिथे पहिला आणि दुसरा असा क्रमच नाही. हिशेबात ही रीत परत न ठेवण्याचीच आहे: 4 लालमधून 2 निवडण्याचे 6 प्रकार, 10 मधून 2 निवडण्याचे 45, आणि 6/45 म्हणजे पुन्हा 2/15. दहावीला दोन अंकी संख्या बनवताना «अंकांची पुनरावृत्ती न करता» हे शब्द ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हाच फरक तिथेही भेटलेला आहे.

रीत हरवली म्हणून प्रत्येक प्रश्न अडतोच असं नाही. याच पिशवीवर «दुसरा चेंडू लाल असण्याची संभाव्यता किती?» असं विचारलं असतं, तर आकृतीची गरजच नव्हती. परत ठेवला असेल तर उत्तर सरळ 4/10. परत ठेवला नसेल तर दोन वाटा जोडायच्या: पहिला लाल आणि दुसराही लाल, 12/90; पहिला लाल नाही पण दुसरा लाल, 6/10 × 4/9 = 24/90. बेरीज 36/90, म्हणजे 2/5. उत्तर तेच.

हे पहिल्यांदा अनेकांना पटत नाही, कारण एक चेंडू गेल्यावर पिशवी बदलली असं डोळ्यांना दिसतं. पण पहिल्या चेंडूचा रंग आपल्याला सांगितलेला नाही. दहाही चेंडू न बघता एका ओळीत मांडले असं समजा. दुसऱ्या जागी कोणताही चेंडू येण्याची शक्यता सारखीच आहे, आणि दहातले चार लाल आहेत. म्हणजे पहिल्या जागेबद्दल जे खरं, तेच दुसऱ्या, सातव्या, दहाव्या जागेबद्दलही खरं. पहिला लाल निघाला असं प्रश्नात सांगितलं, किंवा दोन चेंडूंबद्दल एकत्र काही विचारलं, की रीतीला महत्त्व येतं. उदाहरणार्थ, निदान एक चेंडू लाल असण्याची संभाव्यता परत न ठेवता 2/3 आहे आणि परत ठेवून 16/25. म्हणून आकृती शोधायला निघण्याआधी प्रश्न एका चेंडूबद्दल आहे की दोघांच्या जोडीबद्दल, हे तपासावं.

पिशवी मोठी असेल तर दोन रीतींतला फरकही विरत जातो. 1000 चेंडूंत 400 लाल असतील तर परत न ठेवता दोन्ही लाल येण्याची संभाव्यता सुमारे 0.1598 आणि परत ठेवून 0.16. शाळेतल्या प्रश्नांत मात्र पिशव्या लहानच असतात, त्यामुळे तिथे ही सवलत मिळत नाही.

फाशांच्या बाबतीत परत ठेवण्याचा मुद्दाच नाही, कारण फासा टाकल्याने त्याचं एकही पृष्ठ कमी होत नाही. तिथे आकृती गेली तर प्रश्न फक्त ऐवजाचा उरतो: पृष्ठांवर 1 ते 6 च होते की रंग किंवा अक्षरं होती.

पत्त्यांत दोन्ही गोष्टी पुन्हा येतात. «पिसलेल्या कॅटमधून» म्हटलं की 52 पत्ते धरावेत, चित्र नसलं तरी. पण «चित्रात दाखवलेल्या पत्त्यांमधून» म्हटलं असेल तर 52 धरणं धोक्याचं आहे. चित्रात फक्त बदामचे तेरा पत्ते असतील, किंवा राजा, राणी, गुलाम बाजूला काढलेले असतील. रीतीसाठी इथे एक छान खूण मिळते. पूर्ण कॅटमधून दोन्ही पत्ते एक्के येण्याची संभाव्यता परत ठेवून 4/52 × 4/52 = 1/169 आणि परत न ठेवता 4/52 × 3/51 = 1/221. 169 म्हणजे 13 × 13 आणि 221 म्हणजे 13 × 17. 52 चे अवयव 2, 2 आणि 13, त्यांत 17 कुठेच नाही. तो फक्त 51 मधून येऊ शकतो. म्हणून पूर्ण कॅटमधून दोन पत्ते काढण्याच्या प्रश्नाच्या उत्तरसूचीत छेदाला 17 ने भाग जात असेल, तर पहिला पत्ता परत ठेवलेला नव्हता हे नक्की. उलट बाजूने मात्र हे लागू होत नाही, म्हणजे छेदात 17 दिसला नाही म्हणून पत्ता परत ठेवला होता असं ठरत नाही. दोन्ही पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे दोन्ही लाल किंवा दोन्ही काळे, असण्याची संभाव्यता परत न ठेवता 25/51 येते आणि 17 दिसतो, तसंच दोन्ही पत्ते एकाच दर्जाचे, म्हणजे दोन राजे किंवा दोन सत्त्या, असण्याची 3/51 संक्षिप्त होऊन 1/17 होते, आणि पहिला पत्ता एक्का निघाल्यावर दुसरा चित्रयुक्त पत्ता येण्याची संभाव्यता 12/51, म्हणजे 4/17. पण तोच दुसरा पत्ता चौकटचा असण्याची संभाव्यता, पहिल्याबद्दल काही सांगितलं नसेल तर, 1/4 च राहते. तिथे छेदात 17 नाही, आणि पत्ता परत ठेवला होता की नाही हे त्या उत्तरावरून कधीच कळणार नाही.