सेटअप मोजायचे की सेटअपचे तास? क्रियाधारित परिव्ययामागचा जुना घोळ

ओव्हरहेड, म्हणजे कुठल्याही एका नगाला थेट न जोडता येणारा कारखान्याचा समाईक खर्च, उत्पादनावर टाकण्याच्या पारंपरिक पद्धतीला मराठी पुस्तकांत ‘शोषण’ म्हणतात. शब्द जरा विचित्र वाटतो. पण या पद्धतीविरुद्धची मुख्य तक्रार नेमकी हीच आहे की मोठ्या संख्येने निघणारा माल लहान संख्येने निघणाऱ्या मालाचा खर्च वाहतो, म्हणजे त्याचे शोषणच होते. ही तक्रार 1980 च्या दशकात मोठ्याने मांडली गेली. तिचे मूळ मात्र बरेच जुने आहे.

यंत्रतास दर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पुढे आला. तेव्हा कारखान्यांत बहुतेक ठिकाणी मजुरीच्या टक्केवारीवर खर्च वाटला जायचा. एका अभियंत्याने सुचवले की प्रत्येक यंत्र म्हणजे स्वतंत्र गाळा समजा आणि जो माल तिथे थांबेल त्याच्याकडून तासावर भाडे घ्या. कल्पना चांगली होती. पण पुढे सोयीसाठी विभागाचा, आणि मग अख्ख्या कारखान्याचा, एकच दर रूढ झाला. माल एकाच जातीचा असेपर्यंत त्याने फारसे बिघडत नव्हते. हळूहळू मालाचे प्रकार वाढले, प्रत्यक्ष मजुरी आक्रसली, आणि यंत्र लावणारे, तपासणारे, खरेदीचे कागद सांभाळणारे लोक वाढले. त्यांचा खर्च किती नग निघाले यावर हलत नाही, किती वेळा काम बदलले यावर हलतो.

1985 मध्ये एका लेखाने हेच सांगितले. ओव्हरहेड उत्पादनामुळे होत नाही, ‘व्यवहारां’मुळे होतो: ऑर्डर काढणे, माल हलवणे, तपासणे, आराखड्यात बदल करणे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या शेतीयंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा अभ्यास गाजला. तिथे मोठ्या संख्येच्या भागांची कंत्राटे हातची जात होती आणि लहान संख्येची पटापट मिळत होती. भाव जुन्या दरावर काढले जात होते, आणि जुना दर मोठ्या संख्येच्या भागांना महाग, लहान संख्येच्या भागांना स्वस्त दाखवत होता. खर्च आधी क्रियांवर आणि तिथून उत्पादनांवर टाकण्याच्या पद्धतीचे ‘क्रियाधारित परिव्यय’ किंवा एबीसी हे नाव इथून सगळीकडे पसरले.

इथपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते. जी सहसा सांगितली जात नाही ती खर्च ज्या मापाने वाटतात त्याला लावल्या जाणाऱ्या ‘कॉस्ट ड्रायव्हर’ या शब्दाची. ती एका छोट्या गणितावर बघू.

एका कारखान्यात दोन उत्पादने आहेत. ‘अ’ वर्षाला 9,000 नग निघते, ‘ब’ 1,000 नग. दोघांना नगामागे 2 यंत्रतास लागतात, म्हणजे एकूण 20,000 तास. ओव्हरहेड 6,00,000 आहे. चलन कुठलेही धरा. जुना दर तासाला 30, म्हणून ‘अ’ला नगामागे 60 आणि ‘ब’लाही 60. ‘ब’ची विक्री किंमत 400 आणि साहित्य व मजुरी मिळून 200 असेल, तर नगामागे 140 नफा दिसतो.

आता तोच 6,00,000 चार क्रियांत फोडला. त्यांतला सेटअप म्हणजे काम बदलताना यंत्र नव्याने लावणे:

| क्रिया | खर्च | ड्रायव्हर | अ | ब |
|---|---|---|---|---|
| यंत्र चालवणे | 2,40,000 | यंत्रतास | 18,000 | 2,000 |
| सेटअप | 1,80,000 | सेटअपची संख्या | 10 | 20 |
| खरेदी | 1,00,000 | ऑर्डरची संख्या | 62 | 38 |
| तपासणी | 80,000 | तपासण्यांची संख्या | 20 | 20 |

यंत्राचा दर तासाला 12, सेटअपचा 6,000, ऑर्डरचा 1,000 आणि तपासणीचा 2,000 निघतो. ‘ब’वर यंत्राचे 24,000, सेटअपचे 1,20,000, खरेदीचे 38,000 आणि तपासणीचे 40,000 पडतात, मिळून 2,22,000, म्हणजे नगामागे 222. ‘अ’वर 3,78,000, म्हणजे नगामागे 42. ‘ब’चा एकूण खर्च 260 वरून 422 वर गेला आणि 140 चा नफा 22 च्या तोट्यात गेला. परीक्षेत इथे दुहेरी रेघ ओढून दोन ओळींत टिप्पणी लिहायची असते: “पारंपरिक पद्धतीत ‘ब’ला कमी खर्च लागला होता.” पूर्ण गुण.

पण सेटअपच्या ओळीकडे परत या. यंत्र लावणाऱ्याला विचारले तर तो सांगेल की ‘अ’चा साचा जड आहे, तो चढवून, टेकवून, पहिला नग पास होईपर्यंत 12 तास जातात. ‘ब’चा साचा हलका, 3 तासांत काम सुरू. म्हणजे ‘अ’चे 10 सेटअप 120 तास खातात आणि ‘ब’चे 20 सेटअप 60 तास. एकूण 180 तास, दर तासाला 1,000. सेटअपचा खर्च आता ‘अ’वर 1,20,000 आणि ‘ब’वर 60,000, आधीच्या बरोबर उलट. ‘ब’चे ओव्हरहेड 1,62,000 वर, नगामागे 162 वर उतरते आणि एकूण खर्च 362 होतो. 22 चा तोटा 38 च्या नफ्यात गेला. ‘अ’ 42 वरून 48.67 वर चढले.

खर्चाचे गट तेच आणि क्रिया त्याच, फक्त सेटअप कसा मोजला ते बदलले. दोन्ही उत्तरांत बेरीज 6,00,000 लाच जुळते. म्हणून ही चूक ताळ्यावरून कधीच पकडता येत नाही, आणि ती इतकी वर्षे टिकण्याचे मला हेच मोठे कारण वाटते. पकडायची असेल तर प्रत्येक गटाला एक प्रश्न विचारावा: या ड्रायव्हरचे एक एकक सगळ्या उत्पादनांसाठी जवळपास सारखेच साधन खाते का? सेटअपबाबत 12 विरुद्ध 3, म्हणजे चौपट फरक. तिथे संख्या चालणार नाही. ऑर्डरबाबत एक ऑर्डर काढायला सर्वांना सारखाच वेळ लागत असेल, तर संख्या पुरे.

हा घोळ शब्दातच आहे. ‘ड्रायव्हर’ म्हटले की हाकणारा, कारण ठरणारा, असा अर्थ होतो. सुरुवातीच्या लिखाणात तो दोन अर्थांनी वापरला गेला: खर्च का होतो याचे कारण, आणि खर्च वाटायचा पाया. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शब्दकोशवजा याद्या निघाल्या आणि त्यांत फारकत झाली. खर्च हलवणारे मूळ कारण म्हणजे कॉस्ट ड्रायव्हर. साधनांचा खर्च क्रियांकडे नेणारा तो रिसोर्स ड्रायव्हर. क्रियेचा खर्च उत्पादनाकडे नेणारा तो अ‍ॅक्टिव्हिटी ड्रायव्हर. आपल्या गणितात ‘ब’ लहान लहान लॉटमध्ये काढायचा निर्णय हे सेटअपच्या खर्चाचे मूळ कारण आहे. सेटअपची संख्या किंवा तास हे फक्त मोजमाप. खर्च कमी करायचा असेल तर कारणाला हात घालावा लागतो. तक्त्यातले मोजमाप बदलून काही वाचत नाही.

त्यानंतर मोजमापाच्याही तीन जाती मानल्या गेल्या. किती वेळा झाले ते मोजणारे व्यवहार-ड्रायव्हर, किती वेळ लागला ते मोजणारे कालावधी-ड्रायव्हर, आणि प्रत्येक कामाचा खर्च थेट नोंदवणारे तीव्रता-ड्रायव्हर. पहिला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ढोबळ, तिसरा सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग. शेतीयंत्रांच्या त्या गाजलेल्या उदाहरणात सेटअपचा पाया तासच होता. पण पाठ्यपुस्तकांत पुढे ‘सेटअपची संख्या’ रूढ झाली, कारण गणित आटोपशीर बसते. विद्यार्थ्यांच्या मनात मग ‘सेटअप म्हणजे संख्या’ हे समीकरण पक्के होते. प्रश्नात दोन्ही माहिती दिली असली तरी तास बाजूला राहतात. मी स्वतः अशा प्रश्नात तासच घेतो आणि का घेतले ते एका ओळीत लिहितो.

कालावधीची बाजू 2004 मध्ये जिंकली असे म्हणता येईल. क्रियांच्या मुलाखती, टक्केवाऱ्यांचे अंदाज, दरवर्षी नवे सर्वेक्षण यांना कंटाळून बऱ्याच कंपन्यांनी एबीसी गुंडाळून ठेवले होते. त्याच वर्षी आलेल्या ‘वेळ-आधारित’ रूपाने दोनच गोष्टी मागितल्या: साधनाचा दर तासाचा खर्च, आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली. दर काढताना भागायचे ते झालेल्या तासांनी नाही, तर व्यवहारात उपलब्ध क्षमतेने.

सेटअपच्या माणसांकडे वर्षाला 240 तास होते, लागले 180, असे धरा. दर 1,80,000 भागिले 240, म्हणजे 750. ‘ब’वर 45,000, ‘अ’वर 90,000. उरलेले 45,000 कुणाच्याच अंगावर नाहीत. ते न वापरलेल्या 60 तासांचे आहेत आणि वेगळ्या ओळीत दाखवायचे आहेत. आता ‘ब’चे ओव्हरहेड नगामागे 147 आणि नफा 53.

हा विचारही नवा नाही. 1915 च्या सुमारास दुसऱ्या एका अभियंत्याने ठासून मांडले होते की बंद यंत्राचा खर्च चालू मालावर लादू नये, नाहीतर काम कमी झाले की माल महाग दिसतो आणि भाव वाढवून उरलेले कामही जाते. पाठ्यपुस्तकी एबीसी मात्र अजून प्रत्यक्ष एककांनीच भागते, कारण तक्त्यात 6,00,000 पूर्ण वाटले गेले पाहिजेत अशी सवय आहे.

एकाच ‘ब’ची चार उत्तरे झाली: नफा 140, तोटा 22, नफा 38, नफा 53. ‘ब’ बंद करायचा का, या प्रश्नाला यांतले एकही थेट उत्तर देत नाही. ‘ब’ थांबला तर सेटअपचे 60 तास मोकळे होतील, पण त्या माणसांचा पगार तोपर्यंत चालूच राहील जोवर त्यांना दुसरे काम दिले जात नाही किंवा कमी केले जात नाही. कागदावर 1,62,000 ‘ब’चे असले, तरी त्यांतले किती खरोखर वाचतील हे क्रियांच्या तक्त्यात लिहिलेले नसते. त्यासाठी प्रत्येक गटातल्या साधनांची यादी काढून बसावे लागते.