प्रगत मातृवय (ॲडव्हान्स्ड मॅटर्नल एज)

प्रगत मातृवय म्हणजे बाळंतपणाच्या दिवशी आईचं वय ३५ वर्षं पूर्ण किंवा त्याहून जास्त असणं. यातला ‘बाळंतपणाच्या दिवशी’ हा भागच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, दिवस राहिले तेव्हाचं वय किंवा सोनोग्राफीच्या दिवशीचं वय इथे धरत नाहीत, ड्यू डेटला वय किती असेल ते धरतात.

उदाहरण घेऊ. जन्मतारीख २० सप्टेंबर १९८८, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ जानेवारी २०२३. त्यात २८० दिवस मिळवले की ड्यू डेट येते १२ ऑक्टोबर २०२३. डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांचा धोका सांगणाऱ्या डबल मार्कर तपासणीचं रक्त १२ आठवड्यांना म्हणजे ३० मार्चला दिलं तर त्या दिवशी ती साडेचौतीस वर्षांची, पण ड्यू डेटला ३५ वर्षं २२ दिवस. मग फाइलवर प्रगत मातृवय लिहिलेलं बघून ‘माझं वय चुकीचं टाकलंय’ असं वाटतं, पण ते बरोबरच असतं.

बाळंतपणाचंच वय का, तर वयावरून बाळातल्या क्रोमोसोमच्या दोषाचा धोका सांगणारे जुने तक्ते जन्मलेल्या बाळांवरून बनले. डाऊन सिंड्रोमचा संबंध बापाच्या नाही तर आईच्या वयाशी आहे हे लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये दाखवलं, तेव्हा पोटातल्या बाळाची तपासणी नव्हतीच, नोंद व्हायची ती जन्माची आणि तेव्हाच्या आईच्या वयाची. २१ व्या क्रोमोसोमची जादा प्रत हे कारण १९५९ मध्ये कळलं. वयाचा संबंध येतो तो बीजामुळे, कारण बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि अर्धवट विभाजनावर थांबून राहतात, जितकी वर्षं जास्त तितकी क्रोमोसोमना धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात आणि शेवटी वाटणी करताना चूक होते.

आकडे ढोबळमानाने असे: बाळंतपणाच्या वेळी वय २५ असेल तर डाऊन सिंड्रोमची शक्यता साधारण १३०० मध्ये १, ३० ला ९०० मध्ये १, ३५ ला ३५० मध्ये १, ४० ला १०० मध्ये १ च्या आसपास. म्हणजे ३५ ला कडा नाहीये, चढ आहे, चौतिसाव्या वर्षी सगळं ठीक आणि वाढदिवसाला धोका असं काही होत नाही. ३५ हा आकडा आला १९७० च्या दशकात, ॲम्निओसेंटेसिसमुळे, म्हणजे पोटात सुई घालून गर्भाभोवतालचं पाणी तपासणीसाठी काढल्यामुळे, गर्भ जाण्याची तेव्हा धरलेली शक्यता (सुमारे २०० मध्ये १) आणि क्रोमोसोमचा कुठलाही दोष सापडायची शक्यता या वयाला जवळपास सारख्या होतात म्हणून. रेष मारली होती सुई कोणाला सुचवायची यासाठी आणि बायका ती स्वतःच्या शरीरावरचा शिक्का समजून बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सगळ्यात मोठा घोळ. ३५ वर्षांच्या बाईचा धोका एका ठिकाणी ३५० मध्ये १ दिसतो आणि दुसरीकडे २५० मध्ये १, आणि दोन्ही बरोबर असतात! २५० वाला १२ आठवड्यांचा आकडा आहे, ३५० वाला जन्माचा. हा दोष असलेले बरेच गर्भ मधल्या काळात आपोआप जातात, १२ आठवड्यांपासून जन्मापर्यंत साधारण ३० टक्के, म्हणून जन्माच्या वेळी प्रमाण कमी दिसतं. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून धोका वाढला की घटला हे ठरवण्याआधी आकडा तपासणीच्या वेळचा आहे की जन्माचा ते बघायचं, रिपोर्टमध्ये कुठेतरी लिहिलेलं असतं.

शिवाय वयाचा आकडा ही फक्त सुरुवात असते. समजा वयावरून ३५० मध्ये १, आणि बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारा एनटी स्कॅन आणि रक्त यांच्या निकालावरून शक्यता पाचपट कमी ठरली, तर अंतिम आकडा सुमारे १७५० मध्ये १, म्हणजे २५ वर्षांच्या बाईच्या वयाच्या धोक्यापेक्षाही कमी. उलटंही होतं, तिशीच्या आत असूनही रिपोर्ट हाय रिस्क येतो. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये तपासणी वय न बघता सगळ्यांना देऊ करावी असं सांगितलं.

आयव्हीएफमध्ये मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. बीजं ३३ व्या वर्षी काढून गोठवली आणि गर्भ ३८ व्या वर्षी ठेवला तर क्रोमोसोमच्या हिशोबात बीज ३३ चंच राहतं, त्यात गर्भधारणेचे २६६ दिवस मिळवून जणू पावणेचौतीसला बाळंतपण होतंय असं धरतात, आणि बीज दात्याचं असेल तर दात्याचं वय. फॉर्मवर हे लिहायचं राहिलं की लॅब आईची जन्मतारीख टाकते आणि विनाकारण घाबरवणारा रिपोर्ट हातात येतो, तो लॅबला बीजाचं वय कळवून त्याच रक्तावर पुन्हा काढून घेता येतो. पण बीपी, गरोदरपणातली शुगर, सिझेरियन यांची शक्यता बाळंत होणाऱ्या बाईच्या स्वतःच्या वयावर जाते, तिथे ती ३८ चीच.