वेल्डरचं सर्टिफिकेट आणि स्किल मॅट्रिक्स: दोन तारखा कुठून आल्या

स्किल मॅट्रिक्सचा तक्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. अमेरिकेतल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ कार्यक्रमात फोरमन एका बाजूला कामं आणि दुसऱ्या बाजूला माणसांची नावं लिहून कोणाला काय येतं ते मांडत असे. शिकवायचं राहिलेलं काम कधीपर्यंत शिकवायचं, तेवढीच तारीख त्यात असे. एकदा आलेलं काम पुढे ‘संपतं’ ही कल्पना त्या तक्त्यात नव्हती.

ती कल्पना वेल्डिंगच्या नियमांतून आली. वेल्डरच्या परीक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९६०६-१ प्रमाणे वेल्डरने परीक्षा दिली की दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाने सही करावी लागते: हा माणूस आपल्या पात्रतेच्या कक्षेत वेल्डिंग करतो आहे. शिवाय एका प्रचलित पर्यायात तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. २००० साली आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाने प्रशिक्षणाच्या नोंदीपलीकडे जाऊन क्षमतेचा पुरावा मागितला, आणि ही सर्टिफिकेटं मॅट्रिक्समध्ये शिरली. घोटाळा इथे होतो: बहुतेक तक्त्यांत तारखेचा रकाना एकच.

समजा परीक्षा १० जून २०२४ ची. तक्ता १० जून २०२७ पर्यंत हिरवा. पण पहिली सही १० डिसेंबरपर्यंत हवी होती. माणूस मधे फिटिंगला लावला, सही २० जानेवारीला झाली. उशिराची सही मेलेली पात्रता जिवंत करत नाही. ऑडिटर सहसा तक्ता बघून थांबत नाही. तो जानेवारीतलं जॉब कार्ड उचलतो, सांध्यावरचा वेल्डरचा शिक्का वाचतो आणि सह्यांची वही मागतो.

C2 मध्ये परीक्षेची तारीख, D2 मध्ये वेळेत झालेली शेवटची सही (सुरुवातीला परीक्षेचीच तारीख) ठेवली तर उरलेले दिवस असे निघतात:

```
=MIN(EDATE(C2,36),EDATE(D2,6))-TODAY()
```

रंगासाठी हे पुरे, इशारे मात्र वेगळे ठेवावेत. सहीचा इशारा ३० दिवस आधी सुपरवायझरला, कारण उपाय त्याच्याच हातात आहे: त्या माणसाला त्या प्रकारचं वेल्डिंग देणं. एचआरला मेल पाठवून इथे काही होत नाही. परीक्षेचा इशारा ९० दिवस आधी. प्लेट, इन्स्पेक्टरची तारीख, सांध्याचा एक्स-रे हे सगळं जुळवावं लागतं.

बजेटमध्येही हीच तारीख चावते. इन्स्पेक्टरची एक फेरी वसूल व्हावी म्हणून समजा आठ वेल्डर परीक्षेला एकाच दिवशी बसवले, तर तीन वर्षांनी आठही एकदम संपतात. दोन गट करून सहा महिन्यांच्या अंतराने बसवणं थोडं महाग पडतं, पण काम थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये संपणाऱ्यांची परीक्षा तर बहुतेकदा मार्चअखेरच्या आधीच घ्यावी लागते, म्हणजे तो खर्च चालू वर्षाच्या बजेटात धरायचा.