दोन पट्टे हुबेहूब कसे असतील?

आमच्या काकांनी मागच्या महिन्यात एक पीडीएफ पाठवली. कुठल्याशा काढ्याने ट्यूमर आटतो, "जर्नलमध्ये छापून आलंय, वाच." मी मजकूर वाचायच्या आधी चित्रं मोठी करून बघितली. तिसऱ्या आकृतीतला डावीकडचा पट्टा आणि पाचव्या आकृतीतला उजवीकडचा पट्टा मला जुळे भाऊ वाटले.

हे पट्टे म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. पेशी फोडून त्यातली प्रथिनं एका जेलमधून विजेच्या जोरावर पळवतात. लहान प्रथिनं पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती जेलवरून एका पातळ पडद्यावर उतरवून घेतात आणि हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं सोडतात. प्रथिन असेल तिथे काळा पट्टा उमटतो. पट्टा जाड तर प्रथिन जास्त, फिका तर कमी. कर्करोगावरचे कितीतरी दावे शेवटी अशा चार-सहा पट्ट्यांवर उभे असतात.

लोकांना वाटतं, प्रथिन एकच, मग पट्टे सारखे दिसणारच. इथेच गफलत होते. जेलच्या खाचेत नमुना भरताना पिपेट किंचित कलते, जेल मध्यभागी जास्त तापते आणि पट्टा हसल्यासारखा कडांना वर वाकतो, पडद्याखाली हवेचा बुडबुडा राहून पांढरा ठिपका पडतो, प्रतिपिंड नीट धुतलं जात नाही आणि राखाडी डाग उरतात. यातलं काहीच दुसऱ्यांदा तसंच घडत नाही. एकाच नळीतला नमुना शेजारशेजारच्या दोन खाचांत भरला तरी पट्ट्यांच्या कडा वेगळ्या येतात. म्हणून मी पट्ट्याचा आकार बघतच नाही, त्याच्या भोवतालचा कचरा बघतो. कचरा जुळला, की चित्र एकच.

तपासणं अवघड नाही. GIMP या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये एक पट्टा कापून दुसऱ्यावर वेगळा थर म्हणून ठेवायचा आणि थराचा मोड `Difference` करायचा. जिथे दोन्ही चित्रं समान तिथे काळं दिसतं. वेगळे पट्टे असतील तर कडा आणि डाग उजळ उरतात. जुळत नसेल तर पट्टा आडवा उलटवून बघायचा, कारण लपवणारे बहुधा तेच करतात. काकांच्या पीडीएफमध्ये उलटवल्यावर जवळजवळ सगळं काळं झालं.

पण डोळ्यांवर फार भरवसा नको. भिंतीच्या ओलीत देवाचा चेहरा दिसणाऱ्या माणसाचा मेंदू आणि माझा मेंदू एकाच जातीचा आहे. साम्य शोधायला बसलं की साम्य सापडतं. पट्टा फार गडद झाला की तपशील बुजतात आणि सगळेच काळे ठोकळे सारखे दिसतात. जेपीईजी चित्र दाबून साठवताना आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पडतात, तेही फसवतात. शिवाय पुनरावृत्तीचं प्रामाणिक कारण असू शकतं: एकाच पडद्यावर दोन प्रथिनं तपासली असतील तर तुलनेसाठी घेतलेला, जवळपास सगळ्या पेशींत असणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाचा पट्टा दोन्हीकडे तोच येईल. फक्त तसं लिहिलेलं हवं.

नकलेसारखीच दुसरी खूण म्हणजे जोड. जानेवारी 2014 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या हारुको ओबोकाता आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दोन निबंधांतून दावा केला, की उंदराच्या साध्या पेशी सौम्य आम्लात ठेवल्या की त्या मूलपेशींसारख्या होतात. त्यातल्या एका डीएनए जेलच्या चित्रात तिसऱ्या लेनच्या, म्हणजे एका नमुन्याच्या उभ्या रांगेच्या, दोन्ही कडांना पार्श्वभूमी सरळ रेषेत तुटलेली दिसत होती. चौकशीत निघालं, की ती लेन दुसऱ्याच जेलवरून आणून बसवली होती. पेशींपासून ट्यूमर झाल्याची चित्रं तर ओबोकातांच्या जुन्या प्रबंधातली निघाली, तीही वेगळ्या प्रयोगाची. जुलैमध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले.

चित्रांनंतर आकडे. काकांच्या त्याच निबंधात 28 माद्यांना सरासरी 5.19 पिल्लं झाली असं होतं. पिल्लं पूर्णांकात मोजतात. एकूण 145 असतील तर सरासरी 5.18 येते, 146 असतील तर 5.21. मध्ये काहीच नाही, म्हणजे 5.19 येऊच शकत नाही. टंकनाची चूक असेल किंवा एखादी मादी मोजणीतून वगळली असेल, पण मग 28 किंवा 5.19 यांपैकी एक आकडा खोटा. या पडताळणीला ग्रिम चाचणी म्हणतात. तिला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही, पण वजन, तापमान अशा मोजमापांना ती लागू पडत नाही आणि प्राणी शंभर किंवा जास्त झाले, की दोन दशांशांची कुठलीही सरासरी शक्य होते. मग पुन्हा पट्ट्यांकडे वळावं लागतं.

मी लेखकांना मेल करून न कापलेला अख्खा ब्लॉट मागितला आहे. काकांना कळवलंय, की उत्तर येईपर्यंत काढा थांबवा.