पुण्याहून मुंबई : शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ

मुक्काम कुठे करायचा, हे ठरलं की या सहलीचा अर्धा खर्च ठरतो. बहुतेक जण बांद्रा किंवा अंधेरीत खोली घेतात, कारण बार तिथे जास्त आहेत. आम्ही मात्र फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास खोली घ्यायला सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर इंद्रायणी पकडली, तर रात्री दहाच्या सुमारास सीएसएमटीला उतराल. तिथून खोलीवर चालत जाता येतं, सामान टाकून कुलाबाही जवळच. पहिली रात्र तिथेच आटपा, म्हणजे परतीचं भाडं जवळपास लागत नाही.

शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत झोपा आणि धोबी तलावला कयानीमध्ये बनमस्का, चहा, अंडी घ्या. १९०४ सालचं इराणी हॉटेल आहे, दर अजूनही परवडतात. दुपारी पुन्हा तासभर पडा. ही झोप टाळली की रात्री अकरालाच माणूस पेंगतो.

संध्याकाळी चर्चगेटहून लोकलनं बांद्र्याला जा. आधी पोटभर जेवा, मग बसा. हॅपी अवर्समध्ये उपाशीपोटी दोन राउंड झाले की उरलेल्या रात्रीची मजा संपते. ओळखपत्र जवळ ठेवा : महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. चौघांत एकच चोविशीचा असला तरी त्याला कडक दारू मिळणार नाही, हे आधीच ठरवून घ्या. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतो.

खरी गडबड परतताना होते. बार दीडपर्यंत चालतात, पण चर्चगेटकडची शेवटची लोकल त्याआधीच निघून जाते आणि पहिली थेट पहाटे चारनंतर. रिक्षा बांद्र्याच्या पुढे दक्षिणेत येत नाही. मग टॅक्सीच उरते. बांद्रा ते फोर्ट साधारण २० किलोमीटर धरा : पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६, म्हणजे सुमारे ४१३. मध्यरात्रीनंतर २५ टक्के जादा, म्हणून ५१६. चौघांत प्रत्येकी १२९ रुपये, त्यात काही वाईट नाही. एकट्यादुकट्यानं मात्र शेवटची लोकलच गाठावी. तिची वेळ एम-इंडिकेटर ॲपवर निघण्याआधीच पाहून ठेवा, तेव्हा फोनची बॅटरीही असते.

रविवारी दिवसा अनेकदा मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो. उपनगरात राहिलेल्यांची परतीची गाडी त्यातच चुकते. तुम्ही सीएसएमटीजवळच असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. खोली बहुधा दहा-अकराला सोडावी लागते, म्हणून सामान ठेवायची सोय आहे का, ते बुकिंग करतानाच विचारा. संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन धरा. रविवारची तिकिटं लवकर संपतात आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख ठरताच आम्हाला कळवा.